‘शाळेतल्या पोरानं याहून बरं केलं असतं’ अशा मेलला काय लिहायचं?

*मी कोल्हापुरात घरून डीटीपी आणि मांडणीची कामं करते. एका पतसंस्थेचा ६४ पानी वार्षिक अहवाल केला आणि १६ ऑगस्टला अंतिम पीडीएफ पाठवली. आज सोमवारी सचिवांचा मेल आला, चेअरमन आणि दोन संचालक सीसीत. ‘अत्यंत निकृष्ट काम. ठेवींचा आकडाच चुकलाय. अक्षरं फुटलीत. लोगो निळा होता, तुम्ही जांभळा केलात. एकूण अहवाल फालतू दिसतो. शाळेतल्या पोरानं याहून बरं केलं असतं. बिल विसरा.’ २१ ला प्लेटा काढायच्या आहेत, सभा १४ सप्टेंबरला. काही चुका माझ्या आहेत, सगळ्या नाहीत. उत्तर कसं लिहू? मेल, पीडीएफ आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.*

पीडीएफ पाहिली, व्हॉट्सॲपही पाहिलं. आज सविस्तर उत्तर लिहू नका. आज फक्त पोच द्या, आणि तीही तासाभरात. सविस्तर उत्तर उद्या सकाळी.

पोच लगेच हवी याचं कारण वेगळं आहे. सचिवांना शांत करणं हा त्यातला छोटा भाग. चुकीची पीडीएफ आत्ता सचिवांच्या मेलमध्ये, चेअरमनांच्या मोबाइलवर आणि कदाचित प्रेसमध्येही आहे. कुणीतरी उत्साहानं ती पुढे पाठवली आणि प्रेसवाल्यानं ‘अंतिम’ हे नाव पाहून काम लावलं, तर मग चर्चा पत्राची राहत नाही, कागदाच्या पैशांची होते. म्हणून आधी प्रेसला फोन करून १६ तारखेची फाईल बाजूला ठेवायला सांगा. मग हे पाठवा:

> मा. सचिव महोदय,
> सप्रेम नमस्कार. आपला मेल मिळाला, पूर्ण वाचला. अहवालात चुका राहिल्या आहेत हे खरं आहे. आपण लिहिलेला प्रत्येक मुद्दा पानांशी ताडून पाहते आहे. कुठं काय चुकलं आणि ते कधी दुरुस्त होईल, हे उद्या मंगळवारी सकाळी ११ पर्यंत लेखी कळवते. २१ तारखेची प्रेसची वेळ धरूनच दुरुस्तीचं काम सुरू केलं आहे. १६ तारखेची फाईल थांबवून ठेवायला प्रेसला सांगितलं आहे. आपणही ती कृपया पुढे पाठवू नये.

बस. यात ‘आपल्या शब्दांनी वाईट वाटलं’ नाही, ‘मी रात्र रात्र जागून’ नाही आणि माफीही नाही. माफी उद्या, जिथं चूक नेमकी सांगाल तिथं, एकदाच. आज नुसती माफी मागितलीत तर ती चारही आरोपांना लागू होते, जांभळ्या लोगोलाही.

उत्तर ‘सर्वांना’ जायला हवं. चेअरमनांना सीसीतून काढू नका आणि नवं कुणी जोडूही नका. पतसंस्थेत काम केलेल्याला हे कळतं की असा मेल सचिव आपल्याला लिहितो त्याहून जास्त चेअरमनांना दाखवायला लिहितो. तुमच्या बाबतीत तर ते उघडच आहे. प्रूफवर सही सचिवांची आहे. आकडा चुकल्याचं चेअरमनांनी पाहिलं, सचिवांना विचारलं आणि सचिवांनी तो राग पुढे ढकलला. तुमचं उत्तर वाचणारा खरा माणूस चेअरमन आहे, ज्यानं तुमचे मागचे तीस मेल पाहिलेले नाहीत. त्याला या एका पत्रातून सगळं कळलं पाहिजे, आणि सचिवांना मात्र त्यात स्वतःवरचा आरोप दिसता कामा नये. हे दोन्ही साधणं जमतं, फक्त घाईत जमत नाही.

पोच दिल्यावर मेल छापून घ्या आणि पेनानं वाक्यं तोडा. ‘निकृष्ट’, ‘शाळेतलं पोर’, ‘बिल विसरा’ यांवर काट मारा. त्यांना उत्तर नाही, आज नाही आणि उद्याही नाही. राहतात चार वाक्यं: आकडा, अक्षरं, लोगो, फालतू. आता एकेक पाहू.

आकड्याचं मी तुमच्या स्क्रीनशॉटवरून लावलं ते असं. ४ ऑगस्टच्या मेलमध्ये एक्सेल आली, त्यात एकूण ठेवी ४७,३८,१२,६५०. ९ तारखेला रात्री पावणेअकराला लेखापालांनी व्हॉट्सॲपवर दुसरी एक्सेल टाकली, त्यात ४७,५२,९०,४००. खाली तुमचा अंगठा आहे. ११ ला तुम्ही दुसरं प्रूफ पाठवलंत, त्यात जुनाच आकडा. १२ ला सचिवांनी सही करून परत केलं. म्हणजे चूक दोघांची. पण पहिली तुमची, कारण फाईल तुमच्यापर्यंत पोचली होती.

आणि चेअरमन एवढे का चिडले तेही आकड्यातच आहे. गेल्या वर्षीच्या ठेवी तुमच्या तक्त्यात ४३,२०,००,००० आहेत. जुन्या आकड्यानं वाढ ९.७ टक्के होते, नव्यानं १०.० टक्के. पान ५ वरच्या मनोगतात ‘९.७ टक्के’ छापलंय. सभेत उभं राहून ‘दोन आकडी वाढ’ म्हणायची त्यांची वर्षभराची तयारी असणार, आणि स्वतःच्याच अहवालात नऊ पूर्णांक सात! तुम्हाला तो एक सेल वाटला, त्यांचं ते भाषण होतं.

इथं एक सावधगिरी. पान ३४ वर जाऊन तो एक आकडा बदलून मोकळ्या होऊ नका. ठेवी १४,७७,७५० रुपयांनी वाढल्या तर ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूलाही कुठंतरी तेवढाच फरक पडलेला असतो. रोख, बँकेतली शिल्लक, कर्जं, काहीतरी. एकच आकडा बदललात तर दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळणार नाहीत, आणि ही चूक पतसंस्थेतला सगळ्यात ज्युनियर कारकूनही दहा सेकंदांत पकडतो. पूर्ण तक्ता नव्यानं लावायचा. तोही व्हॉट्सॲपवरच्या एक्सेलवरून नाही, लेखापरीक्षकांच्या सहीच्या ताळेबंदावरून. ९ तारखेनंतर तिसरी एक्सेल निघाली नसेलच असं नाही. मग ठेवींचा आकडा अहवालात आणखी कुठं कुठं येतो ते शोधा. मला पान ५ चं मनोगत, पान ९ चा ‘दृष्टिक्षेपात’ चौकोन आणि पान १२ चा आलेख सापडला. आलेखातला खांबही उंच करावा लागेल, नुसतं वरचं लेबल नाही.

अक्षरांच्या बाबतीत त्यांनी ‘फुटलीत’ एवढंच लिहिलंय, पण फाईलमध्ये दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींची औषधं वेगळी.

पहिला पान २२ ते २९ वरच्या तक्त्यांमध्ये. ‘निधी’तली पहिली वेलांटी ‘न’वर न बसता पुढच्या ‘ध’वर गेलीय, ‘व्याज’मधला व हलन्त होऊन सुटा पडलाय. हे फॉन्टचं काम नाही. तक्त्यांसाठी तुम्ही जी पॅराग्राफ स्टाईल केलीत ती बहुधा जुन्या इंग्रजी फाईलमधून आलीय आणि तिचा कंपोझर `Adobe Paragraph Composer` राहिलाय. देवनागरी जुळवायला `Adobe World-Ready Paragraph Composer` लागतो. स्टाईलच्या `Justification` मध्ये जाऊन तो बदला, आठही पानं एका फटक्यात सरळ होतील. बदलल्यावर ओळी थोड्या हलतात, त्यामुळे तक्त्याची शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली नाही ना, हे पानोपानी पाहा.

दुसरा आजार सगळ्या अहवालभर पसरलाय आणि तो माझ्या मते जास्त लाजिरवाणा आहे, कारण तो लांबून दिसत नाही. ‘अधिकार्यांचा’, ‘कर्मचार्यांना’, ‘दुसर्या’. गेल्या वर्षीचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधून कन्व्हर्टरनं आणलात, त्यानं अर्धा र खाल्ला आणि सगळीकडे रफार करून ठेवला. ‘अधिकाऱ्यांचा’ हवं, ‘कर्मचाऱ्यांना’ हवं. इथं घाईत `Change All` दाबण्याचा मोह होईल. ‘र्य’ शोध, ‘ऱ्य’ घाल, संपलं! तसं केलंत तर ‘कार्यकारी’, ‘पर्याय’, ‘कार्यालय’ सगळे बिघडतील आणि मुखपृष्ठावर संस्थेच्या नावापुढे ‘मऱ्यादित’ छापलं जाईल. एकेक थांबून `Find Next` करत जा. चौसष्ट पानांना तास-दीड तास धरा. ‘र्ह’ही तसंच तपासा: शाखांच्या यादीत ‘कर्हाड’ आहे, ते ‘कऱ्हाड’ हवं, पण संचालकांची ‘अर्हता’ आहे तशीच राहू द्या.

लोगोचा मुद्दा तुमच्या फाईलमध्ये निम्माच खरा आहे. सचिवांनी पीडीएफ ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर काढून पाहिली असणार. तो प्रिंटर आणि ऑफसेट यांचा रंग जुळत नाही, तेव्हा त्या कागदावरून प्रेसचा रंग ठरवता येत नाही. पण हेच पहिलं वाक्य लिहू नका. आधी आपली बाजू तपासा. तुमच्या निळ्यात सायन १०० आणि मजेंटा ८५ आहे. एवढा मजेंटा घातला की निळा छपाईतसुद्धा जांभळ्याकडे झुकतो. सायन आणि मजेंटा यांत निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवायचं असा आमच्याकडे ठोकताळा आहे. त्यांनी लोगो दिला तो आरजीबीतला, स्क्रीनवर चमकणारा निळा. तो तसाच्या तसा चार रंगांत येत नाही, तुम्ही रूपांतर केलंत आणि आलेले आकडे पाहिले नाहीत. मजेंटा ६० च्या आसपास आणा आणि प्रेसकडून त्याच कागदावर नमुनाप्रत काढा. रंगावर पत्रातून वाद घालू नये. कागद समोर ठेवून एक मिनिटात मिटतो.

राहिलं ‘फालतू दिसतो’. याला चूकही म्हणता येत नाही आणि नाकारताही येत नाही. यासाठी फोन. पोच गेल्यानंतर दुपारी सचिवांना फोन करा आणि एवढंच विचारा: ‘साहेब, पाहताना पहिल्यांदा कुठलं पान खटकलं?’ ‘तुम्हाला नेमकं काय आवडलं नाही’ असं विचारू नका, त्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पान विचारलं की तो पान सांगतो. माझा अंदाज सांगू? संस्थापकांचा फोटो. तो ९०० बाय १२०० पिक्सेलचा आहे आणि तुम्ही साडेसात इंच रुंदीत ताणलाय, म्हणजे इंचाला १२० पिक्सेल. छपाईला ३०० धरतात. तीन इंच रुंदीत तो व्यवस्थित दिसेल, साडेसातात धूसरच दिसणार. सुरुवातीलाच संस्थापक धूसर, की पुढचं सगळं ‘फालतू’ दिसतं.

आता उद्याचं पत्र. मी असं लिहिलं असतं:

> विषय : वार्षिक अहवाल – दुरुस्त्या आणि वेळापत्रक
>
> मा. सचिव महोदय,
> सप्रेम नमस्कार. काल कळवल्याप्रमाणे आपले सर्व मुद्दे पानांशी ताडून पाहिले. तपशील असा:
>
> १. ठेवींचा आकडा. पान ३४ वर ४७,३८,१२,६५० आहे, तो ४७,५२,९०,४०० हवा. ४ ऑगस्टच्या मेलमधली एक्सेल मी लावली होती. ९ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर आलेली सुधारित एक्सेल मला मिळाली होती, पण ती लावायची माझ्याकडून राहिली. ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे. हाच आकडा पान ९ व १२ वर येतो, तसंच पान ५ वर अध्यक्षांच्या मनोगतात वाढ ९.७ ऐवजी १०.० टक्के हवी. चारही ठिकाणी दुरुस्ती केली आहे. फरकाचा परिणाम ताळेबंदाच्या इतर रकमांवरही होत असल्यानं पान ३२ ते ४१ मी लेखापरीक्षकांच्या सहीच्या प्रतीवरून पुन्हा ताडणार आहे. त्या प्रतीचं स्कॅन आज दुपारी ४ पर्यंत मिळावं. यापुढे फक्त तीच प्रत अंतिम धरीन.
>
> २. अक्षरं. पान २२ ते २९ वरच्या तक्त्यांत वेलांट्या आणि जोडाक्षरं चुकीची उमटली आहेत. ती दुरुस्त झाली. तपासताना आणखी एक दोष आढळला, जो आपल्या मेलमध्ये नव्हता: ‘अधिकाऱ्यांचा’, ‘कर्मचाऱ्यांना’ यांसारख्या शब्दांत र चुकीचा आला आहे. संपूर्ण अहवालात एकेक शब्द पाहून तो दुरुस्त करते आहे.
>
> ३. लोगोचा निळा. माझ्या फाईलमध्ये निळ्यात लाल छटा जास्त होती, ती कमी केली आहे. ऑफिसच्या प्रिंटरवर आणि प्रेसवर रंग वेगळा दिसतो, म्हणून बुधवारी प्रेसमध्ये अहवालाच्याच कागदावर मुखपृष्ठाची नमुनाप्रत काढते. ती पाहून आपण रंग मंजूर करावा.
>
> ४. मांडणी. काल फोनवर आपण पान ३ वरचा संस्थापकांचा फोटो धूसर असल्याचं सांगितलंत. उपलब्ध फोटो लहान आहे. तो ३ इंच रुंदीत स्पष्ट येईल, तसा बसवून पान सोबत पाठवते आहे. मूळ छापील फोटो कार्यालयात असल्यास मी येऊन स्कॅन करून नेईन, मग पूर्ण पान ठेवता येईल.
>
> वेळापत्रक : बुधवार २० ऑगस्ट सकाळी ११ – बदललेल्या पानांची वेगळी पीडीएफ, बदल खुणेसह. बुधवार सायंकाळी ६ – प्रेसमध्ये नमुनाप्रत आणि आपली मंजुरी. गुरुवार २१ – प्लेटा. यामुळे गणपतीपूर्वी छपाई आणि बांधणी होऊन ३० ऑगस्टच्या आत अहवाल सभासदांपर्यंत पोचवता येईल.
>
> कळावे,

चौथा मुद्दा अर्थातच फोनवर जे कळेल त्याप्रमाणे बदला.

पहिल्या मुद्द्यात सचिवांच्या १२ तारखेच्या सहीचा उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल आणि थोडं खटकलंही असेल. तो मुद्दामच टाळलाय. ४ आणि ९ या तारखा लिहिल्या, कारण चूक कशी झाली ते सांगायला त्या लागतात. १२ ची सही लिहायची ती फक्त दोष वाटून घ्यायला. चेअरमनांच्या समोर सचिवांना उघडं पाडलंत तर बुधवारी संध्याकाळी ६ ला प्रेसमध्ये येऊन सही कोण करणार आहे? सहीचं प्रूफ जपून ठेवा. ते पैशांवर गोष्ट आली तरच बाहेर काढायचं, आणि तेव्हाही आधी सचिवांना एकट्याला फोन करून.

हे मी शहाणपणानं नाही, फटका खाऊन सांगतोय. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेवरून मला असाच मेल आला होता. आठ तक्रारी. मी त्याच रात्री उत्तर लिहिलं, प्रत्येक तक्रारीखाली त्यांच्याच मंजुरीची तारीख आणि स्क्रीनशॉट. सात ठिकाणी मी बरोबर होतो. सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, त्यात फक्त आठवी तक्रार होती. दोन माजी मुख्याध्यापकांच्या फोटोखालची नावं उलटसुलट, आणि ती चूक निखळ माझी. बाकीच्या सातांचं कुणाला काही पडलं नव्हतं. पुढची स्मरणिका दुसऱ्याकडे गेली.

दुसऱ्या मुद्द्यात आपणहून एक चूक कबूल केलीय, त्यांना न दिसलेली. याबद्दल लोक मला विचारतात की आ बैल मुझे मार का करायचं. एक तर ती दुरुस्त करताना पानं बदलणार, मग बदल सांगावेच लागतात. दुसरं, अहवाल सभासदांच्या हातात गेल्यावर एखादे निवृत्त मास्तर ‘कर्मचार्यांना’वर लाल गोल करून सभेत उभे राहतात. ते होण्याआधी तुम्ही स्वतः सांगितलेलं बरं. आणि चेअरमन जेव्हा वाचतो की या बाईनं आपण न सांगितलेलं शोधून काढलं, तेव्हा ‘पोरानं केलेलं काम’ हा शब्द त्याच्याच मनात जरा सैल होतो. मात्र अशी चूक एखादीच असेल तर. पाच-सहा निघाल्या तर पत्रात यादी देऊ नका, खुणेच्या पीडीएफमध्ये दाखवा.

पत्रात सवलतीचा शब्द नाही. ‘बिल विसरा’ला घाबरून पहिल्याच उत्तरात वीस टक्के कमी करते म्हटलंत तर दोन गोष्टी होतात. चूक वीस टक्क्यांएवढी मोठी होती असं तुम्हीच ठरवून टाकता, आणि घासाघीस तिथून पुढे सुरू होते. रागात लिहिलेलं ‘बिल विसरा’ बऱ्याचदा अहवाल वेळेत हातात आला की मागे पडतं. नाही पडलं तर तो वेगळा पत्रव्यवहार, वेगळ्या दिवशी.

बुधवारच्या पीडीएफबद्दल थोडं. दुरुस्त केलेली पानं पाठवण्याआधी ती कागदावर काढा आणि घरातल्या कुणालातरी समोर बसवा. एकानं लेखापरीक्षकांच्या प्रतीतला आकडा मोठ्यानं वाचायचा, ‘सत्तेचाळीस कोटी’ असा नाही, अंक अंक: चार, सात, पाच, दोन. दुसऱ्यानं पानावर टिंब देत जायचं. एकट्यानं डोळ्यांनी ताडताना मेंदू ३८ ला ८३ वाचून पुढे जातो आणि आपल्याला कळतही नाही. दहा पानांना चाळीसेक मिनिटं लागतील. शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा कॅल्क्युलेटरवर स्वतः मारा. बेरीज जुळत नसेल आणि तुमची पानं प्रतीशी तंतोतंत जुळत असतील, तर चूक प्रतीत आहे. ती स्वतः सुधारू नका, लेखापालांना फोन करा. आणि ज्या पानांवर काही बदललं नाही ती खरंच बदलली नाहीत ना, हे १६ तारखेच्या फाईलशी पान लावून पाहा. कंपोझर बदलल्यावर पान ३० च्या मजकुराची शेवटची ओळ पान ३१ वर ढकलली गेल्याचं मी पाहिलेलं आहे.

नव्या फाईलच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द घालू नका. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अंतिम-नक्की’ यांनी आमच्या धंद्यात फार कागद वाया घालवलाय. तारीख घाला, २०-ऑगस्ट एवढं पुरे.

तुमच्या पत्रालाही पुन्हा तसलंच उत्तर आलं तर? नवा मुद्दा असेल तर त्या मुद्द्याला दोन ओळींत उत्तर द्या आणि वेळापत्रक पुन्हा खाली चिकटवा. नवा मुद्दा नसेल, नुसते शब्द असतील, तर ‘मिळालं. ठरल्याप्रमाणे बुधवारी ११ ला पानं पाठवते’ एवढंच. बुधवारी अकराला पानं गेली पाहिजेत, साडेअकराला नाही. वैयक्तिक शिवीगाळ असेल तर मात्र फोन करून स्पष्ट सांगा की यापुढे कामाचं लेखीच बोलू. ‘शाळेतलं पोर’ ही शिवी नाही, कोल्हापुरात तर नाहीच.

एक शक्यता तुमच्या बाबतीत आज नाही, पण दर वर्षी कुणाच्या तरी बाबतीत असते: चूक छपाईनंतर कळणं. तेव्हा पत्रातला वेळापत्रकाचा भाग बदलतो, कारण दुरुस्ती म्हणजे कागद. ए-फोर आकाराचा ६४ पानी अहवाल मोठ्या मशिनवर सोळा-सोळा पानांच्या चार फॉर्म्यांत छापला जातो. फॉर्मे एकापुढे एक लावून बांधायचे असतील, तर तुमची पानं ५, ९ आणि १२ पहिल्या फॉर्म्यात पडतात, ३४ तिसऱ्यात. बांधणी झालेली नसेल तर ते दोनच फॉर्मे पुन्हा छापायचे, पान ३२ वरही काही बदललं तरच दुसरा. सगळा अहवाल नाही. बांधणी झाली असेल तर शुद्धिपत्र. अशा वेळी ‘पुन्हा छापून देतो’ हे वाक्य प्रेसकडून दोन फॉर्म्यांचा भाव आणि दिवस विचारल्याशिवाय लिहायचं नाही. गणपती २७ ला आहेत. तोंडावर प्रेसची निम्मी माणसं गावाला गेलेली असतात, आणि तुम्ही लिहून दिलेली तारीख तुमच्या हातात नसते.

बिल शनिवारी २३ ला पाठवा, सही झालेल्या पानांची पीडीएफ जोडून, मूळ ठरलेल्या रकमेचं. दुरुस्तीचे तास त्यात लावू नका. नमुनाप्रतीचे पैसे प्रेसनं वेगळे घेतले तर ते लावायचा तुम्हाला अधिकार आहे, पण मी असतो तर या वेळी तेवढे सोडले असते.